ताप १०३ आणि पल्स फक्त ८४? डेंग्यू-टायफॉइडमधल्या संथ नाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिशियन आहे, आणि तापाच्या सीझनमध्ये रात्री येणारे निम्मे फोन याच एका गोष्टीवर असतात, की डॉक्टर ताप तर भरपूर आहे पण पल्स वाढतच नाहीये, किंवा आता ताप गेला तर पल्स ४८ दाखवतंय, काही होणार तर नाही ना. तीच तीच उत्तरं देऊन झाल्यावर एकदाचं लिहून काढलं. हे सगळं मोठ्या माणसांसाठी आहे, मुलांचं खाली वेगळं थोडंसं लिहिलंय.

ताप १०३ आहे आणि पल्स ८४. ऑक्सिमीटर बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. तापात नाडी पळते हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे, साध्या घशाच्या इन्फेक्शनमध्ये किंवा न्यूमोनियात ताप चढला की छाती धडधडते, हाताला लगेच जाणवतं. पण काही तापांमध्ये हे गणित जुळत नाही, अंग तव्यासारखं तापलंय आणि नाडी मात्र आरामात चाललीये. डेंग्यू आणि टायफॉइड ही त्यातली आपल्याला नेहमी भेटणारी दोन नावं. याला रिलेटिव्ह ब्रॅडिकार्डिया म्हणतात, म्हणजे तापाच्या मानाने संथ नाडी. यातला 'तापाच्या मानाने' हा भाग महत्त्वाचा, कारण ८४ हा आकडा एरवी अगदी नॉर्मल आहे, फक्त १०३ तापाशेजारी ठेवला की विचित्र वाटतो. नुसत्या पल्सच्या आकड्याला अर्थ नाही, तो नेहमी तापाच्या आकड्याबरोबर वाचायचा.

किती कमी असली की संथ म्हणायची?

वॉर्डात चालणारा ठोकताळा असा, की ताप १ डिग्री फॅरेनहाइट वाढला की पल्स साधारण १० ने वाढायला हवी. त्या हिशोबाने १०२ ला ११० च्या आसपास, १०३ ला १२० आणि १०४ ला १३०. यापेक्षा १० हून जास्त कमी, म्हणजे १०२ ला १०० च्या खाली, १०३ ला ११० च्या खाली, १०४ ला १२० च्या खाली असेल तर तापाच्या मानाने संथ म्हणायचं. १०२ च्या खालच्या तापात हे गणित करतच बसू नका, तिथे काही कळत नाही.

आता खरं सांगायचं तर हा ठोकताळा जरा सढळ हाताने केलेला आहे. दुसरा एक जुना नियम १ डिग्री सेल्सियसला साधारण ८ ठोके एवढीच वाढ धरतो, आणि १ डिग्री सेल्सियस म्हणजे जवळजवळ २ फॅरेनहाइट, म्हणजे दोन नियमांमध्येच दुपटीहून जास्त फरक झाला. त्यात ज्याची एरवीची पल्स ५४ आहे असा रोज पळणारा माणूस आणि ज्याची ८८ आहे असा माणूस यांना एकच तक्ता कसा लागणार. त्यामुळे १०३ ला १०६ आली म्हणून त्याचा फार अर्थ काढू नका, ८४ आली तर मात्र ते नक्की वेगळं आहे.

असं होतं तरी कशामुळे?

याचं एकच असं पक्कं उत्तर अजून नाही. हृदयाला ठोक्याचा इशारा देणारी जी गाठ असते, सायनस नोड, तिच्यावर जंतूंचा किंवा शरीराने त्यांच्याशी लढताना सोडलेल्या रसायनांचा परिणाम होत असावा, शिवाय हृदयाचा वेग कमी ठेवणारी व्हेगस नस जास्त जोरात काम करत असावी, असे अंदाज आहेत. काही डेंग्यू पेशंटमध्ये हृदयाच्या स्नायूला थोडी सूजही येते, पण संथ नाडीवाल्या प्रत्येकाला ती असते असं अजिबात नाही. ही खूण जुनी आहे, एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्समधल्या फाजे नावाच्या डॉक्टरांनी यलो फीव्हरच्या पेशंटमध्ये ती नोंदवली, म्हणून आजही काही जण फाजे साइन म्हणतात.

म्हणजे पल्स संथ असेल तर डेंग्यू किंवा टायफॉइड पक्का?

नाही. स्क्रब टायफस, लेप्टो, लिजिओनेला, काही वेळा मलेरिया, अगदी औषधामुळे आलेल्या तापातसुद्धा असं दिसतं. आणि उलट, टायफॉइडच्या कितीतरी पेशंटची नाडी छान पळत असते. निदान रक्ताच्या तपासणीने होतं, डेंग्यूत पहिल्या काही दिवसांत एनएस१ आणि टायफॉइडला ब्लड कल्चर, तेही अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घेतलेलं. पल्स बघून गोळ्या सुरू करू नका.

मग ही खूण कळून उपयोग काय?

उपयोग पुढच्या दिवसांत आहे आणि हे जरा नीट वाचा, कारण इथेच चूक होते.

समजा तिसऱ्या दिवशी ताप १०३ आणि पल्स ८४ होती. पाचव्या दिवशी ताप ९९ वर आला आणि पल्स १०४ झाली. घरचे खूश, ताप उतरला ना, आणि १०४ म्हणजे काय फार नाही, तापात असतेच की. पण या माणसाची पल्स १०३ तापात ८४ होती, आता ताप नसताना ती २० ने वाढलीये. दोन रेषा काढून बघा, तापाची खाली चाललीये आणि पल्सची वर, दोन्ही एकमेकींना छेदून गेल्या. आमच्या सिनिअर सिस्टर तापाच्या चार्टवर दोन रंगांच्या पेनने या रेषा काढायच्या आणि राउंडला गेलं की रिपोर्टच्या आधी तो कागद पुढे करायच्या, कारण पल्सची लाल रेषा तापाच्या निळीला ओलांडून वर निघाली की त्या बेडपाशी थांबायलाच लागायचं.

डेंग्यूमध्ये ताप उतरतो तीच वेळ सगळ्यात जोखमीची असते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी, आणि ती २४ ते ४८ तास टिकते. या काळात रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं, आतलं रक्त कमी पडतं, आणि कमी रक्तात सगळीकडे पुरवठा करायचा म्हणून हृदय पळायला लागतं. टायफॉइडमध्ये कारण वेगळं, तिथे आजार लांबला तर, खास करून तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, आतड्यातल्या जखमेतून रक्त जाऊ शकतं किंवा आतडं फुटू शकतं, आणि तेव्हाही ताप अचानक खाली, पल्स झपकन वर, आणि पोट दुखून कडक होतं. दोन्हीकडे रेषांचं चित्र तेच.

त्यामुळे तापातली संथ नाडी ही स्वतः काळजीची गोष्ट नाहीये, ती संथ असलेली नाडी ताप उतरताना पळायला लागली तर ती काळजीची. आणि हे कळायला आधीचे आकडे लिहिलेले हवेत, नाहीतर १०४ कडे बघून कोणालाच काही वाटणार नाही.

एखादं उदाहरण आकड्यांसकट सांगाल का?

३० च्या आसपासचा मुलगा, आठवड्यातून चारदा पळणारा, एरवीची पल्स ६० ते ६२ (त्याच्या घड्याळात आधीच्या महिन्याची नोंद होती, हे फार कामाला आलं). एनएस१ पॉझिटिव्ह. तिसऱ्या दिवशी ताप १०३.२, पल्स ८४. ठोकताळ्याने १२० ला हवी होती, म्हणजे चांगलीच संथ. बीपी ११२/७४, लघवी होतेय, पाणी पितोय, म्हणून घरीच ठेवला पण रोज सीबीसी आणि बहिणीला सांगितलं की दर ४ तासांनी ताप आणि पल्स एका ओळीत लिही.

चौथ्या दिवशी ताप १०१.४, पल्स ८०, प्लेटलेट ७८ हजार, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा जो पाणी झिरपलं की वर जातो, ४५. पाचव्या दिवशी सकाळी ताप ९९.४, पल्स ७६, प्लेटलेट ४६ हजार, हिमॅटोक्रिट ४७. इथे बहिणीचा धीर सुटला, प्लेटलेट निम्म्यावर आल्या म्हणून. मी विचारलं पल्स किती, हात-पाय गरम आहेत का, लघवीला शेवटचा कधी गेला. ७६, गरम, तासाभरापूर्वी. म्हणजे ताप उतरला आणि पल्सही त्याच्याबरोबर उतरली, रेषा एकमेकींना छेदल्या नाहीत. हिमॅटोक्रिट थोडा वर होता म्हणून दिवसभर ऑब्झर्व्हेशनला आणून ठेवला, संध्याकाळी पुन्हा सीबीसी केलं, ४६ आलं, म्हणजे पुढे सरकत नव्हतं. पल्सही ७२-७६ मध्येच राहिली.

सहाव्या दिवशी ताप ९८.२, पल्स ५६. सातव्या रात्री झोपेत घड्याळाने ४४ दाखवून अलार्म दिला आणि पुन्हा फोन. तोवर प्लेटलेट ६८ हजारांवर चढल्या होत्या, हिमॅटोक्रिट ४१ वर उतरला होता, भूक लागली होती आणि तळपायांना खाज सुटली होती. सकाळी ईसीजी काढला, ठोका संथ पण सरळ, बाकी काही नाही. चौदाव्या दिवशी पल्स परत ६१.

याच मुलाची पाचव्या सकाळची ओळ जर ताप ९८.८, पल्स ११२, बीपी १००/८४, हात गार, सकाळपासून लघवी नाही अशी असती तर फोनवर बोलण्यात दोन मिनिटंही घालवली नसती, सरळ इमर्जन्सीला या म्हटलं असतं. प्लेटलेट दोन्हीकडे ४६ हजारच असत्या, हे लक्षात घ्या.

बीपीच्या आकड्यात नेमकं काय बघायचं?

वरचा वजा खालचा. ११२/७४ मध्ये फरक ३८, ठीक. १००/८४ मध्ये फरक १६. वरचा आकडा शंभर आहे म्हणून सगळे निवांत असतात, पण डेंग्यूत फरक २० किंवा त्याहून कमी झाला तर तो शॉकच समजतात, वरचं बीपी पडायच्या आधीच. मशीनने असं दाखवलं तर पट्टा नीट बांधून एकदा परत घ्या, तसंच आलं तर तिसऱ्यांदा घेत बसू नका, निघा.

ताप गेला, बरं वाटतंय, पण पल्स ४६. हे हार्टचं काही आहे का?

डेंग्यूतून बरं होताना हे बरंच कॉमन आहे. झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं, शरीर निवांत होतं, आणि काही दिवस नाडी स्वतःच्या नेहमीपेक्षाही खाली जाते, ५० च्या खाली, झोपेत ४० च्या घरात. माणूस जेवतोय, बोलतोय, उठून बाथरूमला जाताना पल्स थोडी वाढतेय, लघवी भरपूर होतेय, तर यावर काही औषध लागत नाही, साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जागेवर येते.

पण चक्कर येऊन पडणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, दम लागणं, ठोके मध्येच चुकल्यासारखे वाटणं, किंवा जागेपणी ४० च्या खाली, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी ईसीजी. कारण थोड्या लोकांत हृदयाचा स्नायू सुजलेला असतो किंवा वरून खाली जाणारा इशाराच अडकत असतो, ते बोटाने मोजून कळत नाही. अजून एक, टायफॉइडला अझिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि वर उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन चालू असेल आणि पल्स ५० च्या खाली असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. ही औषधं ईसीजीतला एक टप्पा लांबवतात आणि संथ ठोक्यात ते जास्त नडू शकतं. स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका.

बरं होताना दम लागणं याबद्दल वेगळं सांगतो. झिरपलेलं पाणी परत येत असताना जर सलाईन जोरात चालूच राहिलं तर पाणी जास्त होतं आणि फुफ्फुसात साठतं. आडवं झाल्यावर दम लागतोय, खोकला येतोय, तर "अजून एक बाटली लावा" असं सांगणाऱ्या नातेवाइकाचं ऐकू नका.

हिमॅटोक्रिट ४७ वरून ४० वर आलं, रक्त कमी झालं का?

परत पल्सकडे बघा. पाणी रक्तात परत आलं की रक्त पातळ होतं आणि आकडा उतरतो, ते बरं होण्याचं लक्षण, तेव्हा नाडी संथ आणि हात गरम असतात. पण तोच आकडा उतरताना पल्स वाढत असेल, माणूस पांढराफटक दिसत असेल, शौच काळी होत असेल तर आत कुठेतरी रक्त जातंय. आकडा तोच आणि अर्थ अगदी उलटा. बाकी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी आधी वर येतात आणि प्लेटलेट मागून, त्यामुळे पांढऱ्या वाढल्या की नवीन इन्फेक्शन झालं म्हणून घाबरू नका.

पल्स मोजायची नेमकी पद्धत काय?

आधी ५ मिनिटं पडून राहू द्या, बाथरूमहून आल्या आल्या घेतलेलं रीडिंग फुकट. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं ठेवा (आपला अंगठा नको, त्यात आपलीच नाडी लागते) आणि पूर्ण ६० सेकंद मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण संथ नाडीत एक ठोका चुकला तरी चारचा फरक पडतो. त्याच मिनिटाला थर्मामीटर लावा. ताप सकाळचा आणि पल्स दुपारची अशी जोडी लावली तर वरचं सगळं गणित बाद.

थर्मामीटर तोंडात लावत असाल तर कायम तोंडातच लावा, काखेत तर कायम काखेत, काखेतलं रीडिंग तोंडापेक्षा कमी येतं. कपाळावरच्या गनने हे गणित करू नका, पंख्याखाली बसलेल्या माणसाला ती काहीही दाखवते.

ऑक्सिमीटर चालतो, पण बोट गार असेल, नेलपेंट असेल किंवा हात थरथरत असेल तर गडबड करतो. स्क्रीनवरची उड्या मारणारी पट्टी एकसारखी हलतेय का बघा, ती लुळी असेल तर आकडा खरा धरू नका. एकदा एका घरात ऑक्सिमीटर ४२ दाखवत होता आणि बोटाने मोजली तर ८४ भरली, मशीन एकाआड एक ठोका सोडत होतं. आणि टायफॉइडची एक गंमत, काहींची नाडी दुहेरी लागते, एका ठोक्याला मोठा धक्का आणि मागे छोटा. नवखा माणूस दोन्ही मोजतो आणि ७६ ची १५२ करतो. शंका आली तर छातीला कान लावून मोजा, हसू नका, चालतं.

पॅरासिटामॉल घेतल्यावर किती वेळाने?

गोळीच्या आधी घ्या, हेच उत्तम. गोळीने तासा-दीड तासात ताप उतरतो आणि पल्स मागून सावकाश येते, मधल्या वेळेत रेषा छेदल्याचा खोटा भास होऊ शकतो. वहीत गोळीची वेळ लिहिलेली असली की हा घोळ होत नाही. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढतो.

टायफॉइडचं इंजेक्शन सुरू होऊन ३ दिवस झाले, ताप १०२ येतोच, पल्स मात्र ८०. औषध लागू पडत नाहीये?

इतक्यात तसं म्हणता येत नाही. योग्य औषध चालू असूनही टायफॉइडचा ताप उतरायला ४-५ दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. रोजचा सगळ्यात वरचा ताप लिहा, १०३.५ वरून १०२.६, मग १०१.८ असा घसरत असेल तर काम होतंय. पल्स संथ आहे याचा औषधाशी संबंध नाही. पोट मऊ आहे, पल्स अचानक वाढलेली नाही, तर वाट बघता येते. सातव्या दिवशीही १०३ च असेल तर कल्चरचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.

बीपीची गोळी चालू आहे.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, इव्हाब्रॅडिन यातलं काही चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर संथ नाडीला काही अर्थ उरत नाही, ती गोळीने संथ आहे. आणि उलटा धोका असा की आत पाणी झिरपत असलं तरी गोळी नाडीला पळू देत नाही, रेषा छेदतच नाहीत. अशांच्या बाबतीत पल्सवर भरवसा ठेवू नका, लघवी, हातापायांची ऊब आणि बीपीतला फरक बघा, आणि डेंग्यूत गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

मुलांसाठी हाच तक्ता?

नाही. मुलांची पल्स मुळातच जास्त असते आणि वयागणिक बदलते, हा तक्ता साधारण १३ वर्षांच्या पुढे. मुलाचा ताप उतरला आणि ते गळून पडलंय, चिडचिडं झालंय, पोट दुखतंय, सारख्या उलट्या, लघवी नाही, तर आकडे बाजूला ठेवून उचलून घेऊन जा.

पल्स वाढवायला काही द्यायचं का?

नाही, काहीच नाही.

वही कधी बंद करायची?

डेंग्यूत ताप गेल्यावर पूर्ण ४८ तास दर ४ तासांनी, मग दिवसातून दोनदा, आणि पल्स नेहमीच्या आकड्याजवळ आली की बंद. टायफॉइडमध्ये ताप गेल्यावरही दोन-तीन आठवडे संध्याकाळचा ताप बघत राहा, काहींना तो परत येतो. पळणं, जिम वगैरे पल्स जागेवर येईपर्यंत नको. घड्याळाचा ४५ च्या खाली वाजणारा अलार्म रात्रीपुरता बंद केला तरी चालेल, फक्त आधी वर लिहिलेली लक्षणं नाहीत याची खात्री करून.